बोट लागते ती कानामुळे

प्रश्न : डॉक्टर, जानेवारीत आम्ही चौघं अंदमानला निघालोय. मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला फेरीबोटीने जायचंय, दीड-दोन तास. मला आणि लेकीला महाबळेश्वरच्या घाटात हमखास गाडी लागते. नवऱ्याला कधीच नाही, पण तोच चालवतो. समुद्रात आम्ही कुणीच कधी गेलो नाही. जाऊन आलेले सगळे सांगतात, ‘क्षितिजाकडे बघत राहा.’ त्याने खरंच फरक पडतो का, की नुसतं मन रमतं? आणि बोट बंद, एसी असते म्हणे, मग क्षितिज दिसणार कुठून? गोळी घ्यावी का? सासूबाईंना काचबिंदू आहे, रोज थेंब घालतात. — एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, उत्तर तुमच्याच पत्रात आहे, नवऱ्याबद्दलच्या त्या एका वाक्यात. ‘पण तोच चालवतो.’ एकदा त्यांना मागच्या सीटवर बसवा, हातात मोबाइल द्या आणि पसरणीचा घाट तुम्ही चढवा. खात्रीने सांगत नाही, पण पाचगणीत पोहोचेपर्यंत त्यांचा चेहरा बघण्यासारखा होण्याची शक्यता बरीच आहे.

आपण ‘पोट बिघडलं’ म्हणतो म्हणून सगळे उपाय पोटावरच करत बसतो. बोट लागते ती कानामुळे. आतल्या कानात ऐकण्याच्या भागाला लागून तोल सांभाळणारा एक अवयव असतो. त्यात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्या डोकं वळलं की सांगतात. शेजारी दोन पिशव्या असतात, त्यांच्या चिकट थरावर चुन्याचे बारीक खडे बसलेले असतात. डोकं कललं, उचललं गेलं किंवा खाली आलं की खडे सरकतात आणि मेंदूला खबर जाते. लिफ्ट सुटली की डोळे मिटलेले असूनही आपल्याला कळतं, ते या खड्यांमुळे.

हा अवयव ज्यांचा दोन्हीकडचा पूर्ण निकामी झालेला असतो, त्यांना बोट लागतच नाही. 1960च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी अशा काही कर्णबधिर माणसांना उत्तर अटलांटिकच्या वादळात बोटीवर नेलं होतं. सोबतची धडधाकट कानांची मंडळी आडवी झाली, यांना काही झालं नाही. उलट अंध माणसाला बोट लागू शकते. म्हणजे डोळ्याशिवाय हा त्रास होऊ शकतो, कानाशिवाय नाही.

मग डोळ्याचं काम काय? डोळा भांडण वाढवतो किंवा मिटवतो. तुम्ही बंद केबिनमध्ये बसलात की समोरची सीट, भिंत, टीव्हीचा पडदा हे सगळं तुमच्याबरोबरच हलतं. त्यामुळे डोळा सांगतो, ‘काही हलत नाहीये.’ कान सांगतो, ‘डावीकडे कललो, आता वर चाललोय, आता खाली.’ दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात, पण मेंदूला दोन्ही जबान्या जुळवता येत नाहीत. हे न जुळणं काही मिनिटं चालू राहिलं की घाम, लाळ, मळमळ सुरू होते. अशा वेळी शरीराने ओकारीच का काढावी, याबद्दल एक तर्क असा आहे की विषारी काही खाल्ल्यावरही डोळा आणि कान यांचा मेळ असाच बिघडतो, म्हणून मेंदू आधी पोट रिकामं करायला निघतो. तर्क मला आवडतो, पण सिद्ध झालेला नाही.

आता क्षितिज. बोट डावीकडे कलली की खिडकीच्या चौकटीत क्षितिजाची रेघ तेवढीच तिरपी दिसते. बोटीचं नाक वर आलं की रेघ खाली जाते. कानाने जे सांगितलं तेच डोळ्यानेही सांगितलं, त्याच क्षणी आणि तेवढ्याच मापाने. भांडणाचं कारण संपतं. याचा मन रमवण्याशी काही संबंध नाही. मन तर पिक्चर बघूनही रमतं, आणि पिक्चर बघणाऱ्यालाच सगळ्यात आधी पिशवी लागते.

तुमच्या नवऱ्याचं गुपितही हेच, वर थोडी भर आहे. वळण येतंय हे चालवणाऱ्याला आधी दिसतं, त्यामुळे कानाची खबर येईपर्यंत मेंदूची तयारी झालेली असते. बोटीत हा फायदा पुढे बघणाऱ्याला थोडाफार मिळतो. येणारी मोठी लाट दिसली की अंग आपोआप सावरतं.

पण क्षितिजाला एक मर्यादा आहे, आणि ती फारसं कुणी सांगत नाही. क्षितिज कलणं दाखवतं, उचलणं दाखवत नाही. बोट अख्खीच्या अख्खी मीटरभर वर गेली आणि खाली आली, तरी दूरच्या त्या रेघेत काही फरक दिसत नाही. कानातल्या खड्यांना मात्र तो पुरेपूर कळतो. आणि माणसाला सगळ्यात जास्त त्रास नेमका याच वर-खाली होण्याचा होतो, तोही विशिष्ट संथ वेगाने. 1974मध्ये माणसांना वर-खाली होणाऱ्या केबिनमध्ये बसवून केलेल्या प्रयोगांत दिसलं की साधारण पाच सेकंदांत एक हेलकावा ही चाल सगळ्यात वाईट. खड्ड्यांतून जाणारी रिक्षा हाडं खिळखिळी करते, पण ओकारी आणत नाही, कारण तिचे धक्के फार झटपट असतात. चालताना आपलं डोकं सेकंदाला दोनदा वर-खाली होतं, त्याचीही कानाला जन्माची सवय. लाटेवरची बोट त्या अवघड मधल्या चालीत सापडते. एसटीच्या मागच्या बाकावर घाटात जे होतं, तेही याच्याच जवळपासचं.

म्हणून तुमचा पहिला उपाय तिकीट काढतानाच करायचा आहे. बोट लाटेवर सी-सॉसारखी डोलते. टोकाला बसलेलं पोर हातभर उडतं, मधलं जवळजवळ जागेवर असतं. तसंच इथे. वर-खाली होणं सगळ्यात जास्त नाकाजवळ आणि सगळ्यात कमी मध्याच्या आसपास, किंवा मध्यापासून थोडं मागे. आणि बोट आडवी डोलते तेव्हा वरच्या मजल्याचा झोका खालच्यापेक्षा मोठा असतो. या फेरीबोटींत महागडा वर्ग पुष्कळदा वरच्या मजल्यावर असतो, आणि लोक हौसेने तोच घेतात. तुम्ही खालचा मजला घ्या, लांबीच्या मधोमध, खिडकीजवळची सीट, तोंड बोटीच्या चालीकडे. पहिली रांग ‘छान दिसतं’ म्हणून घेऊ नका. दिसतं छान, पण उडतंही सगळ्यात जास्त. खिडकीजवळच्या दोन सीट तुम्ही आणि लेकीने घ्यायच्या, नवरा आतल्या बाजूला बसला तरी चालेल.

एसी बोटीतून क्षितिज दिसतं, काचेतूनच, फक्त बघायचं कसं ते ठरवून ठेवा. काचेखालून पळणारा पांढरा फेस बघायचा नाही. जवळचं पाणी इतक्या वेगाने मागे जातं की डोळे त्याच्यामागे धावत सुटतात, आणि भांडण मिटण्याऐवजी तिसरा साक्षीदार उभा राहतो. नजर दूर, आकाश पाण्याला टेकतं तिथे. एखादं बेट दिसत असेल तर फारच छान, त्याच्यावर नजर ठेवा. डोकं सीटच्या पाठीला टेकलेलं असू द्या. लाटेच्या तालावर मान डोलली तर कानातल्या नळ्यांना आणखी काम लागतं. मुलीला वळून वळून ‘ते बघ, ते बघ’ करायला लावू नका. आणि खिडकी मिळालीच नाही, किंवा काचेवर पाणी उडून काहीच दिसेना, तर मग डोळे मिटायचे. सीट मागे होत असेल तर जमेल तितकं आडवं व्हायचं. मिटलेला डोळा निदान खोटी साक्ष तरी देत नाही. क्षितिज दिसणं सगळ्यात चांगलं, डोळे मिटणं त्याखालोखाल, आणि मोबाइलवर फोटो बघत बसणं सगळ्यात वाईट. बोटीतल्या टीव्हीचंही तेच.

सरकारी बोटीचा पर्यायही मनात ठेवा. ती सावकाश जाते, सोयी साध्या असतात, तिकीट मिळायला खटपट पडते. पण तिला उघडा डेक असतो. ज्याला गाडी लागते त्याच्यासाठी मधोमध उघड्यावर, वाऱ्यात उभं राहणं हे एसीतल्या गुबगुबीत खुर्चीपेक्षा मी केव्हाही वरचं समजते. खासगी बोटींवर चालू प्रवासात बाहेर जाऊ देतात की नाही, हे तिकीट काढण्याआधी विचारून घ्या.

आता गोळीबद्दल. तुम्हा दोघींचा घाटातला इतिहास बघता तुम्ही ती घ्यावी असंच मी म्हणेन, पण दोन गोष्टी समजून घेऊन.

पहिली गोष्ट वेळेची. मळमळ सुरू झाली की पोटाची हालचाल मंदावते. गोळी तिथेच पडून राहते आणि पुढच्या ओकारीत बाहेर येते. ‘लागली तर घेऊ’ म्हणून पर्समध्ये ठेवलेली गोळी म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर कौलं शाकारणं. दुसरी गोष्ट, गोळी कोणती. आपल्याकडे घरोघरी असते ती उलटीची ऑन्डान्सेट्रॉनची गोळी. ती जंतुसंसर्गाच्या किंवा केमोथेरपीच्या उलट्यांना उत्तम, पण बोटीच्या मळमळीवर तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण ती कानाकडून येणारा निरोप अडवत नाही. तो निरोप अडवणारी औषधं वेगळी. अॅव्होमिन या नावाने मिळणारं प्रोमेथाझिन, सिनारिझिन किंवा डायमेनहायड्रिनेट. ही सगळी कमीजास्त झोप आणतात.

मोठ्या माणसाला अॅव्होमिनची 25 मिलिग्रॅमची एक गोळी, बोट सुटण्याआधी साधारण दीड-दोन तास. पहाटेची बोट असेल तर आदल्या रात्री झोपतानाही घेता येते. नऊ वर्षांच्या मुलीला सहसा याच्या निम्मी देतात, पण तिचं वजन आणि बाकीची औषधं बघून तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. निघण्याच्या दोन आठवडे आधी, एखाद्या रविवारी घरीच एकदा घेऊन बघा. काहींना इतकी गुंगी येते की जेट्टीच्या फळीवरून चालणं अवघड. काही मुलांना मात्र उलटाच परिणाम होऊन ती चिडचिड करतात, नाचतात. हे साताऱ्यात कळलेलं बरं. गोळी घेतलेल्या दिवशी मद्य नाही, आणि हॅवलॉकला उतरल्या उतरल्या स्कूबाही नाही. पाण्याखाली गुंगी आलेली चालत नाही. डायव्हिंगच्या फॉर्मवर औषधांची चौकशी असेल तर लपवू नका.

सासूबाईंना यातली कुठलीही गोळी तुम्ही आपल्या मनाने देऊ नका. काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यातला कोन अरुंद असतो. प्रोमेथाझिनसारख्या औषधांनी बाहुली थोडी मोठी होऊन तो बंद पडू शकतो आणि डोळ्यातला दाब अचानक वाढतो. उघड्या कोनाच्या काचबिंदूत हा धोका बराच कमी. त्यांचा प्रकार कुठला, हे थेंब देणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांना माहीत असेल, त्यांना एक फोन करा. शिवाय त्या वयात या गोळ्यांनी गोंधळल्यासारखं होतं, लघवी अडते, तोल जातो. आणि दिलासा असा की वयाबरोबर बोट लागणं सहसा कमी होत जातं. सगळ्यात जास्त त्रास होतो तो साधारण नऊ-दहा वर्षांच्या मुलांना, म्हणजे काळजी तुमच्या लेकीची जास्त. सासूबाईंना मधली सीट, टेकलेलं डोकं आणि मिटलेले डोळे एवढ्यावर बहुतेक निभेल. थेंब मात्र बोटीच्या दिवशीही चुकवू नका.

सकाळचं असं धरा की साडेआठची बोट आहे. साडेसहाला गोळी. सातला थोडंसं खाणं, दोन इडल्या, टोस्ट किंवा केळं. उपाशीपोटी बसू नका, रिकामं पोट जास्त ढवळतं. पण हॉटेलच्या बुफेत पुरी-भाजी फुकट आहे म्हणून हाणूही नका. चहा अर्धा कप. पाणी घोट घोट. पिशव्या दोन, त्या वरच्या बॅगेत नव्हे, हाताशी, शेजारी ओला रुमाल. मुलीच्या अंगावर मळखाऊ कपडे. आलेपाकाच्या वड्या न्यायच्या असतील तर जरूर न्या. आल्याने काहींना बरं वाटतं, पुरावा अर्धामुर्धा आहे, पण नुकसान काही नाही. मनगटावरच्या त्या पट्ट्यांवर मात्र मी पैसे घालवणार नाही.

बोट सुटल्यावर मुलीच्या जांभयांवर लक्ष ठेवा. रात्री झोप झालेली असूनही पोर एकामागून एक जांभया देऊ लागलं, बडबड थांबली, ओठांभोवती पांढुरकं दिसू लागलं, सारखं थुंकी गिळायला लागलं, तर अजून दहा-पंधरा मिनिटं तुमच्या हातात आहेत. तेव्हाच मोबाइल काढून घ्या, डोकं टेकवा, नजर बाहेर किंवा डोळे बंद, एसीचा झोत चेहऱ्यावर. ‘तुला मळमळतंय का?’ असं दर दोन मिनिटांनी विचारू नका. आणि उलटी आलीच तर संडासाकडे धावू नका. तिथे खिडकी नाही, वास आहे, आणि डोलणाऱ्या बोटीत धावताना पडण्याची भीती. जागेवरच पिशवीत होऊ द्या. झाल्यावर तोंड धुऊन पाण्याचे छोटे घोट, पोट थोडं बसलं की ओआरएस.

मी एकदा तारकर्लीला स्नॉर्केलिंगच्या बोटीवर स्वतः हे सगळं विसरले होते. येताना उत्तम होते. मग बोट नांगरून उभी राहिली आणि मी खाली मान घालून पायातल्या पंखांचे पट्टे आवळत बसले. पाच मिनिटांत कानाच्या डॉक्टरीणबाई बोटीच्या कडेला ओणव्या. खलाशी शांतपणे एवढंच म्हणाला, ‘मॅडम, त्या बाजूला, वारा तुमच्याकडे येतोय.’ उभी बोट चालत्या बोटीपेक्षा वाईट असते, कारण चालीने येणारी स्थिरता जाते आणि ती प्रत्येक लाटेबरोबर नुसती हिंदकळत राहते. हॅवलॉकहून एलिफंट बीचला छोट्या बोटीने जाणार असाल तर पट्टे, चष्मा, सनस्क्रीन सगळं किनाऱ्यावरच चढवून घ्या.

दिवस निवडायची मुभा असेल तर सकाळची बोट घ्या. वारा दुपारनंतर वाढतो तसा समुद्रही. डिसेंबर ते एप्रिल तिथलं पाणी त्यातल्या त्यात शांत, मे ते सप्टेंबर सर्वात खवळलेलं, म्हणजे जानेवारी तुम्ही बरा निवडलाय. आधी एक तालीम करायची असेल तर मुंबईला आलात की गेटवेहून मांडव्याला जाऊन या, तासाभराचं काम. एवढंच लक्षात ठेवा की ते पाणी बंदराच्या आडोशाचं आहे. तिथे काही झालं नाही म्हणून गोळी रद्द करू नका. तिथेच लागली, तर मात्र डॉक्टरांशी बोलायला चांगला पुरावा मिळाला.

आणि रात्री हॅवलॉकच्या हॉटेलात आडवं झाल्यावर पलंग हळूच डोलतोय असं वाटलं तर घाबरू नका. दोन तासांत मेंदूने बोटीची चाल थोडीफार शिकून घेतलेली असते, ती विसरायला त्याला एखादी रात्र लागते. सकाळी उठल्यावर बहुधा गेलेलं असतं. घरी परतून आठवडा झाला तरी जमीन डोलतेय असं वाटलं, तर या, कान तपासून घेऊ.